दुकान बंद करताना पैसे कुणाला आधी, कुणाला नंतर?

*माझं महालात शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे, माझ्या एकट्याच्या नावावर. चौदा वर्षं झाली, पण मागच्या तीन वर्षांपासून नुकसानच होऊन राहिलं. आता बंद करायचं पक्कं केलं. दुकानात खरेदी किमतीने 9 लाखांचा माल आहे. बँकेची सीसी, म्हणजे माल तारण ठेवून घेतलेलं कर्ज, 4.5 लाख बाकी आहे. गांधीबागच्या तीन व्यापाऱ्यांचे 2.10 लाख, 1.20 लाख आणि 50 हजार द्यायचे आहेत. यातला 50 हजारवाला माझा साडू आहे, त्याचे आधी देऊन टाका असं घरचे म्हणतात. मास्टर पहिल्यापासून आहे, पगार 20 हजार. सेल्समन नऊ वर्षांपासून, 16 हजार. एक मुलगी तीन वर्षांपासून, 14 हजार. गिऱ्हाइकांचे 61 हजार ॲडव्हान्स जमा आहेत. एका शाळेकडून 90 हजार यायचे आहेत. जागेच्या मालकाकडे डिपॉझिट 1.5 लाख, माझी एफडी 3 लाख. मित्र म्हणतो, राहतं घर बायकोच्या नावावर करून टाक. फेब्रुवारी संपत आला. आता बंद करू की जूनचा सीझन काढू? एका होलसेलरकडे 25 हजारांची नोकरी मिळून राहिली, मे महिन्यापासून. — एक दुकानदार, नागपूर*

भाऊ, आधी सीझनचं बोलू. बाकी सगळं बंद करायच्या तारखेवर ठरणार आहे.

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून गिऱ्हाईक जूनमध्ये येतं. पण तुमचा माल घेणारं दुसरंही एक गिऱ्हाईक आहे. त्याच शाळांचे गणवेश विकणारे बाकीचे दुकानदार मार्च-एप्रिलमध्येच ऑर्डरी देतात. शाळेचा लोगो असलेले शर्ट आणि ट्यूनिक दुसऱ्या शाळेत चालत नाहीत, आणि मे उजाडला की त्या दुकानदारांचा माल भरलेला असतो. आज तेच कपडे तुमच्याकडून निम्म्या किमतीत मिळत असतील तर ते घेतील. जूनमध्ये हात लावणार नाहीत.

शिवाय जूनमध्ये विकायचं तर साइज भरावे लागतील. तुमच्याकडे 28 आणि 36 पडून असतील आणि 30, 32 संपले असतील. तीन वर्षं तोट्यात चाललेल्या गणवेशाच्या दुकानात बहुधा हेच चित्र असतं. पालकाला शर्ट, पँट, टाय, मोजे असा पूर्ण सेट लागतो. एक साइज नसला की तो शेजारच्या दुकानात जातो. साइज भरायला उधारीवर माल उचलावा लागेल, आणि बंद करायचं मनाशी ठरलेलं असताना नवी उधारी करणं मला पटत नाही. उद्या वाद झाला तर "द्यायची नियतच नव्हती" असा आरोप यावरूनच होतो. तिघा कामगारांचे पगार 50 हजार, वर भाडं, वीज आणि व्याजाचे 30 हजार धरले तर महिन्याला 80 हजार जातात. मे-जून थांबायचे 1.60 लाख आणखी गेले, तर तुटक्या साइजच्या मालातून तेवढे जास्तीचे येतील असं मला दिसत नाही. म्हणून 30 एप्रिल ही तारीख धरा. आजपासून उधारीची खरेदी बंद.

आता येणं-देणं कागदावर मांडा. माल 9 लाखांचा असला तरी तो विकून 9 लाख येणार नाहीत. प्लेन पांढरे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, मोजे, बेल्ट असा कुठेही खपणारा माल मी 4 लाखांचा धरतो. त्याचे 80 टक्क्यांनी 3.20 लाख येतील. लोगोचा 3 लाखांचा माल निम्म्याने गेला तर 1.50 लाख. उरलेल्या 2 लाखांच्या जुन्या रेडिमेडचे 50 हजार आले तरी पुष्कळ. मालाचे झाले 5.20 लाख. त्यात शाळेचे 90 हजार, डिपॉझिटचे 1.50 लाख, शिलाई मशीन आणि फर्निचरचे अंदाजे 60 हजार मिळवा. एकूण 8.20 लाख. विभागणी माझ्या अंदाजाची आहे. तुम्ही गठ्ठे मोजून आपले आकडे टाका, पण विक्रीची किंमत एखाद्या दुकानदाराला प्रत्यक्ष विचारूनच लिहा.

देणं असं आहे: बँक 4.50 लाख, व्यापारी 3.80 लाख, गिऱ्हाईक 61 हजार, मार्च-एप्रिलचा खर्च 1.60 लाख. आणि तुमच्या पत्रात नसलेली एक मोठी रक्कम आहे, कामगारांची नुकसानभरपाई.

गिऱ्हाइकांचं आणि कामगारांचं देणं आधी सुरक्षित करा, असं मी सांगतो ते नुसतं चांगुलपणासाठी नाही. बँक आणि व्यापारी व्याज, तारण, चेक घेऊन व्यवहारात उतरलेले असतात. मास्टरकडे यातलं काही नसतं. पुष्कळ जणांना वाटतं की दहापेक्षा कमी माणसं आहेत म्हणजे ग्रॅच्युइटी नाही, म्हणजे काहीच द्यायचं नाही. ग्रॅच्युइटीचं बरोबर आहे. दुकानात कधीच दहा माणसं नव्हती तर तो कायदा लागू होत नाही. पण धंदा बंद होताना द्यायची भरपाई वेगळी आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती आहे, आणि त्याआधीच्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. बंद होण्याच्या 60 दिवस आधी सरकारला कळवायची अट मात्र पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्यांना नाही. आणि "धंदा तोट्यात होता, माल पडून राहिला" या कारणाने भरपाई कमी होत नाही. कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे.

मास्टरचे 10 हजार गुणिले चौदा म्हणजे 1.40 लाख. सेल्समनचे 8 हजार गुणिले नऊ, 72 हजार. मुलीचे 7 हजार गुणिले तीन, 21 हजार. एकूण 2.33 लाख. नोटीस 31 मार्चच्या आत हातात द्या आणि पोच घ्या, म्हणजे एप्रिलचं काम आणि पगार हाच नोटिशीचा महिना होईल. शेवटच्या दिवसानंतर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता करायला वेतन संहिता सांगते, म्हणून हे पैसे 30 एप्रिलला खात्यात तयार पाहिजेत.

मास्टरचा हिशेबाचा कागद साधा असू द्या. कामाला लागल्याची तारीख, शेवटची तारीख, एप्रिलचा पगार 20,000, भरपाई 14 वर्षं × 10,000 = 1,40,000, उचल घेतली असेल तर ती वजा, आणि बाकी रक्कम बँकेत जमा केल्याचा नंबर. खाली दोघांच्या सह्या. "सर्व मिळाले" अशा एका ओळीवर कोऱ्या कागदाची सही घेऊ नका. हिशेब दिसत नसलेली ती सही पुढे कामाला येत नाही. मास्टरला त्याचं मशीन घ्यायचं असेल तर आनंदाने द्या, पण बाजारात जी किंमत येते तीच लावा आणि त्याचा व्यवहार वेगळा ठेवा. भरपाईच्या बदल्यात मशीन त्याच्या गळ्यात मारू नका.

आता सगळं देणं झालं 12.84 लाख, येणं 8.20 लाख. 4.64 लाख कमी पडतात. तुमची 3 लाखांची एफडी इथे लागते. कामगारांचे 2.33 लाख आणि गिऱ्हाइकांचे 61 हजार मिळून 2.94 लाख होतात, म्हणजे एफडीत बसतात. ती मोडून हीच दोन देणी द्या. याचं कारण बँकेत आहे.

सीसीला तुमचा माल तारण आहे. माल विकायला बँक अडवत नाही, पण पैसे त्याच खात्यात यायला पाहिजेत. सेलचे पैसे यूपीआयने दुसऱ्या बँकेच्या खात्यात घेतले तर तारण मालाची परस्पर विल्हेवाट लावली असा अर्थ निघतो. दुसरीकडे, पैसे सीसीत गेले आणि बँकेने लिमिट गोठवली तर पगाराला एक रुपया काढता येत नाही. दुकान बंद करणाऱ्यांची सगळ्यात जास्त कोंडी इथेच होते. सेलचा बोर्ड लावतात, गल्ला भरतो, आणि महिनाअखेरीला पगार थकतात.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट आणखी बघा. लिमिटमधून किती काढता येतं हे ठरवताना बँक मालाच्या किमतीतून व्यापाऱ्यांचं देणं वजा करते आणि मग मार्जिन, म्हणजे स्वतःच्या सुरक्षेसाठी सोडायचा हिस्सा, कापते. 9 लाखांतून 3.80 गेले, उरले 5.20 लाख. 25 टक्के मार्जिन धरलं तर 3.90 लाख. तुमची बाकी 4.50 आहे. म्हणजे स्टॉक स्टेटमेंट खरं भरलं तर तुम्ही आजच मर्यादेच्या वर आहात. ते झाकायला स्टेटमेंटमध्ये माल फुगवू नका. बंद करताना बँक माल मोजायला येऊ शकते, आणि फुगवलेल्या आकड्याने साधी थकबाकी फसवणुकीच्या रस्त्याला लागते.

म्हणून बोर्ड लावायच्या आधी मॅनेजरला भेटा आणि वरची मांडणी कागदावर द्या. मागणी एवढीच करा: सेलमधून जे जमा होईल त्यातले शंभरातले 85 लिमिट कमी करायला, 15 पगार आणि भाड्याला, आणि हे लेखी द्यावं. 5.20 लाखांतून बँकेचे 4.50 लाख फिटले की 70 हजार उरतात, त्यात शाळेचे 90 हजार घातले की दोन महिन्यांचा खर्च निघतो. शाळेच्या येण्यावर आणि मशिनींवरही बँकेचं तारण आहे का ते मंजुरीपत्रात आधी वाचून घ्या. असेल तर तेही त्याच अर्जात मागा. तोट्यातल्या गिऱ्हाइकाने स्वतःहून तारखांसकट आराखडा आणला तर मॅनेजरचं काम सोपं होतं. पण तोंडी "हो" वर विसंबू नका, त्याची बदली होऊ शकते. आणि कर्ज फिटलं की "काही देणं बाकी नाही" हे पत्र आणि कोरे दिलेले चेक परत घेतल्याशिवाय खातं बंद करू नका.

साडूचं काय करायचं? आधी द्यायचे नाहीत. बँक आणि खर्च भागल्यावर तुमच्या हातात डिपॉझिट आणि मशीन-फर्निचरचे 2.10 लाख राहतील. व्यापाऱ्यांचे 3.80 लाख आहेत. म्हणजे रुपयाला 55 पैसे. मोठ्याला 1,15,500, दुसऱ्याला 66,000, साडूला 27,500. तिघांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र द्या आणि त्यात तिघांची टक्केवारी सारखी आहे हे लिहा. गांधीबागेत कुणाला किती मिळाले ही बातमी संध्याकाळपर्यंत फिरते. नातेवाइकाला पूर्ण आणि बाकीच्यांना थोडे दिले असं कळलं की उरलेले दोघे हप्त्याला कधीच तयार होणार नाहीत. आणि प्रकरण दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेलं तर अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकतं माप देऊन केलेली परतफेड कोर्ट रद्दही करू शकतं. साडूला घरी बसून हे समजावणं अवघड आहे, ते मला कळतं. पण तो व्यापारी आहे, आकडे दाखवले की समजेल.

उरलेल्या 1.71 लाखांचे अठरा हप्ते केले तर महिन्याला 9,500 येतात, तिघांत त्याच प्रमाणात. 25 हजारांच्या पगारात ही ओढाताण आहे, पण पेलणारी आहे. यापेक्षा मोठा हप्ता कबूल करू नका. व्यापाऱ्यांकडे तुमचे सही केलेले चेक असतील, ते आधी परत घ्या आणि मगच नवे द्या. नवे चेक तारीख आणि रक्कम घालूनच द्या, आणि जेवढे नक्की वटतील तेवढेच. चेक परत गेला, व्यापाऱ्याने 30 दिवसांत नोटीस पाठवली आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत तुम्ही पैसे दिले नाहीत, तर साधी उधारी फौजदारी खटला होते. एखाद्याने काही रक्कम सोडली तर ते लेखी घ्या. तेवढ्या भागाचं जीएसटी क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची घेतलेली वजावट, परत करावं लागेल आणि ती रक्कम उत्पन्नात दाखवावी लागेल. बिलाला 180 दिवस होऊन पैसे दिलेले नसतील तरी क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, म्हणून जुन्या बिलांच्या तारखा तुमच्या सीएला आजच दाखवा.

मित्राचा घराचा सल्ला ऐकू नका. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात दुकानाचं देणं ते तुमचंच देणं, हे खरं आहे. पण देणेकऱ्यांना चुकवायला केलेलं हस्तांतरण देणेकरी कोर्टातून रद्द करून घेऊ शकतात. तुमच्याकडे जमणारा आराखडा आहे. घर हलवलंत की तुम्ही पैसे बुडवायला निघालात असं सगळे समजतील, आणि हप्त्याची बोलणी तिथेच संपतील.

कळवायचा क्रम असा ठेवा: सकाळी बँक, त्याच दुपारी दुकानात तिघांना समोर बसवून, संध्याकाळी व्यापाऱ्यांना पत्र. मास्टरला ही बातमी बडकस चौकातल्या चहाच्या टपरीवर कळू नये. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना. ॲडव्हान्सच्या पावत्या काढून एक वही करा: नाव, रक्कम, काय शिवायचं होतं, देता येईल की पैसे परत. मग प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर साधा निरोप:

"नमस्कार. आमचं दुकान 30 एप्रिलला कायमचं बंद होत आहे. तुमचे ॲडव्हान्स 800 रुपये जमा आहेत. तुमची ऑर्डर 10 एप्रिलपर्यंत तयार मिळेल. पैसे परत हवे असतील तर या नंबरवर कळवा, दोन दिवसांत पाठवू. शिवायला किंवा अल्टरला दिलेले कपडे 25 एप्रिलपर्यंत घेऊन जा. हा नंबर दुकान बंद झाल्यावरही सुरू राहील."

शेवटची ओळ नक्की टाका आणि नंबर खरंच सुरू ठेवा. फोन बंद दिसला की लोक थेट पोलिसात जातात. शाळांना मात्र मार्चमध्येच पत्र द्या, की पुढच्या वर्षी गणवेश कुठल्या दुकानात मिळतील. ज्या दुकानदाराला लोगोचा माल विकाल त्यालाच पॅटर्न आणि साइजचे तक्ते द्या. सौदा करताना ही गोष्ट तुमच्या बाजूने वजनदार आहे, किमतीत ती मागून घ्या. मालाचं पक्कं बिल करा.

जीएसटी नंबर रद्द करायचा अर्ज माल संपल्यावरच करा, धंदा थांबल्यापासून 30 दिवसांच्या आत, पोर्टलवर REG-16 भरून. आधी रद्द केलात तर उरलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट किंवा त्या मालावर बसणारा कर, यातलं जे जास्त ते भरावं लागतं. आणि नंबर गेल्यावर त्या मालाचं जीएसटी बिलही करता येत नाही. स्वस्तात विकलेल्या मालाचं क्रेडिट जात नाही, पण फुकट वाटलेल्या किंवा फेकलेल्या मालाचं जातं. म्हणून शेवटचा गठ्ठा दान करायच्या आधी 20 रुपये नग विकला जातो का बघा. रद्द झाल्याच्या तारखेपासून किंवा आदेशापासून, जे नंतरचं असेल तिथून तीन महिन्यांत GSTR-10 हे शेवटचं रिटर्न भरायचं असतं. ते राहून जातं आणि वर्षभराने नोटीस येते. गुमास्ता बंद केल्याचं 30 दिवसांत कळवा. व्यवसाय कराचे नंबर बंद करा, नाहीतर दरवर्षीचे 2,500 तुमच्या नावावर चढत राहतील. वीज मीटरची अनामत मागा. बिलं आणि वह्या किमान सहा वर्षं घरात जपून ठेवा.

मालकाला घर भाड्यासारखी तोंडी सूचना देऊ नका. कराराप्रमाणे लेखी नोटीस आत्ताच द्या आणि किल्ल्या देतानाच डिपॉझिट मिळेल असं त्यात मागा. तो पैसा हातात आला की त्याच दिवशी तिन्ही व्यापाऱ्यांच्या खात्यात गेला पाहिजे. पहिला हप्ता 10 जूनचा ठेवा, म्हणजे मेचा पगार तोवर झालेला असेल.